लेबल खरं बोलतं, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही

गेल्या महिन्यात मावशीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. तपकिरी काचेची छोटी बाटली, १० मिली, वर हिरवं लेबल. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: लवंग तेल, १०० टक्के शुद्ध, फूड ग्रेड, स्टीम डिस्टिल्ड. खाली १४ आकडी एफएसएसएआय लायसन्स नंबर. आणि फोटोखाली मावशीचा मेसेज: "रोज सकाळी कोमट पाण्यात एक थेंब घेते. तू केमिस्ट्रीवाली ना, सांग बरं चांगलं आहे ना? फूड ग्रेडच घेतलंय मुद्दाम."

'मुद्दाम' हा शब्द मला लागला. म्हणजे तिने विचार केला होता. बाजारातलं कुठलंही तेल उचललं नव्हतं, लेबल वाचून, जास्त पैसे देऊन, सुरक्षित वाटलं ते आणलं होतं. मी तिला लगेच "ठीक आहे" किंवा "बंद कर" असं काहीच लिहिलं नाही, कारण दोन्ही उत्तरं अर्धवट ठरली असती. ही पोस्ट म्हणजे ते लांबलेलं उत्तर आहे. पुस्तकाचं परीक्षण लिहितात तसं मी इथे त्या लेबलचं परीक्षण करणार आहे, शब्द धरून. कंपनीचं नाव घेणार नाही, कारण असं लेबल असणाऱ्या डझनभर बाटल्या तुम्हाला कुठल्याही ऑनलाइन दुकानात दिसतील.

आधी बाटलीत काय आहे ते बघू. माझं पीएचडीचं काम वनस्पतींमधल्या फिनॉल गटातल्या रसायनांवर आहे, त्यामुळे लवंग तेल लॅबमध्ये बरेचदा हाताखालून जातं. जीसी-एमएस नावाच्या यंत्रात तेलाचा अगदी सूक्ष्म अंश सोडला की त्यातली द्रव्यं एकेक करून वेगळी होऊन बाहेर येतात आणि स्क्रीनवर प्रत्येकाचा एक सुळका दिसतो. लवंग तेलाच्या आलेखात एक सुळका इतका मोठा असतो की बाकीचे त्याच्या पायाशी गवतासारखे दिसतात. तो युजेनॉलचा. कळीचं तेल, पानांचं तेल, दांड्याचं तेल यांत प्रमाण थोडं कमीजास्त होतं, पण ढोबळपणे ८० टक्के धरायला हरकत नाही. लवंगेचा वास, दातदुखीवर कापसाचा बोळा लावला की येणारा बधिरपणा, हे सगळं मुख्यतः या एकाच रेणूचं काम.

आता घरातला हिशोब. मी आमच्या मसाल्याच्या डब्यातल्या २० लवंगा लॅबच्या काट्यावर टाकून पाहिल्या: १.९ ग्रॅम. म्हणजे एक लवंग जेमतेम ०.१ ग्रॅमची. चांगल्या वाळलेल्या लवंगेत साधारण १५ टक्के तेल धरलं, तर एका लवंगेतून १४ मिलिग्रॅमच्या आसपास तेल निघेल. लवंग तेल पाण्यापेक्षा किंचित जड असतं, १ मिली म्हणजे साधारण १.०५ ग्रॅम. १० मिलीच्या बाटलीत १०.५ ग्रॅम तेल, म्हणजे सातशेहून जास्त लवंगा. मावशीच्या स्वयंपाकघरात सातशे लवंगा किती महिने पुरतात हे मी तिला विचारलं. तिचं उत्तर: "अगं, महिने कसले, दोन वर्षं."

थेंबाचंही असंच. ड्रॉपरवर अवलंबून १ मिलीत २० ते ३० थेंब पडतात. २५ धरू. एक थेंब म्हणजे सुमारे ४२ मिलिग्रॅम तेल, त्यात ३४ मिलिग्रॅम युजेनॉल. लवंगांत मोजलं तर तीन. तीन लवंगा भाताला घातल्या तर कुणी डॉक्टरला फोन करत नाही. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट लिहिते: मावशीसारख्या निरोगी मोठ्या माणसाला एका थेंबातल्या युजेनॉलने विषबाधा होत नाही. जे व्हिडिओ "एक थेंब यकृत जाळतो" असं ओरडतात ते चुकीचं सांगतात.

याला आधार आहे. अन्नातल्या पदार्थांची तपासणी करणाऱ्या एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने युजेनॉलसाठी रोजची स्वीकार्य मात्रा शरीराच्या दर किलोमागे २.५ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला ती १५० मिलिग्रॅम होते, म्हणजे आपल्या हिशोबाने चार थेंबांच्या थोडं पुढे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ निरोगी माणसांना नेमकं १५० मिलिग्रॅम युजेनॉल दिलं होतं आणि २४ तासांत त्यातला ९५ टक्के भाग लघवीतून बाहेर पडला. शरीर ते कसं घालवतं? युजेनॉलच्या रेणूवर एक मोकळा ओएच गट असतो. यकृत त्या जागी ग्लुकुरॉनिक ॲसिड किंवा सल्फेट चिकटवतं, रेणू पाण्यात विरघळणारा होतो आणि मूत्रपिंडाकडे रवाना होतो. छोट्या मात्रेसाठी ही व्यवस्था झकास आहे.

मग तक्रार काय? तक्रार अशी की लेबलवरचा 'फूड ग्रेड' हा शब्द मात्रेबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं की तो मात्रेबद्दलच बोलतोय.

फूड ग्रेड म्हणजे काय तपासलं जातं ते पाहा. अन्नात वापरायच्या रसायनांसाठी फूड केमिकल्स कोडेक्स नावाची मानकांची संहिता आहे. लवंग तेलाच्या बाबतीत असं मानक विचारतं: हे खरोखर लवंगेचंच तेल आहे का? घनता बरोबर आहे का? प्रकाश किती वळतो? त्यात फिनॉल गटातली द्रव्यं पुरेशी आहेत का? कळीच्या तेलासाठी ही अट आकारमानाने किमान ८५ टक्के अशी आहे. 'किमान' या शब्दापाशी जरा थांबा. मानकाची भीती अशी की कुणी स्वस्त तेल मिसळून युजेनॉल पातळ करेल. म्हणजे मानक ज्या द्रव्याची हमी देतं, नेमकं तेच द्रव्य जास्त मात्रेत यकृताला घातक आहे. भेसळ असती तर बाटली उलट कमी जहाल झाली असती! (भेसळीचं समर्थन करत नाहीये. भेसळ कशाची यावर सगळं अवलंबून.)

'१०० टक्के शुद्ध' हे वाक्यही त्याच जातीचं. आपल्या मनात शुद्ध आणि निरुपद्रवी हे दोन शब्द शेजारी राहतात, कारण दूध, तूप, मध यांच्या बाबतीत ते खरं असतं. लवंग तेलात शुद्ध म्हणजे तीव्र. इतकाच अर्थ.

आता दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे तेल अन्नात घालायला परवानगी आहे हे खरंच. अमेरिकेच्या नियमावलीत लवंग, लवंग तेल आणि युजेनॉल यांच्यासाठी स्वतंत्र कलमच आहे आणि ते सुरक्षित मानलेल्या पदार्थांत मोडतात. पण त्या मान्यतेला एक शेपूट आहे: चांगल्या उत्पादनपद्धतीत जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त नाही. म्हणजे चव आणण्यापुरतं. मान्यता 'पदार्थाला' नाही, 'पदार्थाच्या विशिष्ट वापराला' आहे. बिस्किटाच्या कारखान्यात लवंग तेलाचा कॅन येतो तेव्हा तिथला माणूस ते काट्यावर मोजतो, आधी दुसऱ्या द्रवात पातळ करतो, मग शेकडो किलो पिठात मिसळतो. पेयांमध्ये असल्या तेलांचं प्रमाण दर लिटरला मोजक्या मिलिग्रॅमच्या घरात ठेवतात, कारण त्यापुढे पेय पिववत नाही. मावशीच्या २०० मिलीच्या ग्लासात ४२ मिलिग्रॅमचा थेंब म्हणजे लिटरला २१० मिलिग्रॅम. फूड ग्रेड हा शब्द त्या कारखान्यातल्या माणसासाठी लिहिलेला आहे. तो तिथून उचलून १० मिलीच्या बाटलीवर चिकटवला की शब्द तोच राहतो आणि त्याचा अर्थ कारखान्यातच राहून जातो.

एफएसएसएआयच्या नंबराचीही तीच गत. तो १४ आकडी नंबर व्यवसायाचा परवाना आहे: या माणसाला अन्नपदार्थाचा धंदा करायची मुभा आहे. "हे तेल पाण्यात एक थेंब टाकून प्या, आम्ही तपासलंय" असं त्या नंबरात कुठेही लिहिलेलं नाही. फरसाणाच्या पाकिटावर असतो तोच हा नंबर, आणि फरसाण किती खावं हे काही तो नंबर सांगत नाही. 'थेरप्युटिक ग्रेड' असंही काही बाटल्यांवर असतं. त्याबद्दल एकच वाक्य पुरे: अशी श्रेणी कुठलीही सरकारी यंत्रणा ठरवत नाही, ती विकणाऱ्याने स्वतःला दिलेली पदवी आहे.

आता ग्लासात काय होतं ते. हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता, प्यायचं मात्र नाही. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि लवंग तेलाचा एक थेंब सोडा. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या सालीचं तेल असतं तर पाण्यावर तवंग आला असता. लवंग तेल पाण्यापेक्षा जड, म्हणून ते गोळी होऊन तळाशी जातं. चमच्याने ढवळलं की त्या गोळीच्या बारीक गोळ्या होतात, पाणी जरा धुरकट दिसतं, आणि थोड्या वेळाने त्या परत तळाशी जमतात. युजेनॉल पाण्यात थोडंफार विरघळतं, पण सावकाश. चार वेळा चमचा फिरवून नाही. मग पहिले घोट जवळजवळ नुसत्या वासाच्या पाण्याचे आणि शेवटच्या घोटात तेल जसंच्या तसं.

मावशीला मी विचारलं, शेवटचा घोट कसा लागतो? ती म्हणाली, "झणझणीत. जीभ बधिर होते पाच मिनिटं. तेव्हा कळतं तेल अस्सल आहे ते." हे ऐकून मी फोन धरूनच बसले. ती ज्याला अस्सलपणाची खूण समजत होती ती खूण होती तेल न विरघळल्याची. युजेनॉल मज्जातंतूंना बधिर करतं म्हणून तर दंतवैद्य ते वापरतात. पण तेही ते दातात, बेतानं, आणि हिरड्यांना लागू नये म्हणून जपून. न विरघळलेलं तेल तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या नाजूक अस्तराला चुरचुरतं, काहींना फोड येतात. मावशीला ॲसिडिटीचा त्रास आहे आणि ती हे उपाशीपोटी घेत होती. गेले दोन महिने छातीत जळजळ वाढलीय असं ती आईला सांगत होती, हे मला नंतर कळलं. त्या जळजळीचं कारण हा थेंबच आहे असं मी म्हणू शकत नाही, तिला आधीपासूनच त्रास होता. पण थेंब बंद करून बघणं फुकट होतं.

"मग मधात कालवून घे" हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. मध हे पाण्यातच विरघळलेल्या साखरांचं घट्ट द्रावण आहे, तेल त्यात विरघळत नाही, फक्त काही वेळ अडकून राहतं. कारखान्यात डिंकासारखे पदार्थ वापरून आणि जोराने घुसळून तेलाचे अतिसूक्ष्म कण करतात, तेव्हा कुठे ते पेयात टिकतं. स्वयंपाकघरात त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे तूप किंवा खायचं तेल. आपल्या आज्या लवंग फोडणीत का टाकायच्या, याचं रासायनिक उत्तर तेच.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा आटापिटा. एक थेंब, थोडी जळजळ. खरा धोका थेंबात नाहीच. तो बाटलीत आहे, आणि त्या बाटलीला 'फूड' हा शब्द लावल्यामुळे ती घरात कुठे ठेवली जाते, यात आहे.

१९९३ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वर्षांच्या एका मुलाची केस छापून आली. त्याने ५ ते १० मिली लवंग तेल प्यायलं होतं. मूल कोमात गेलं, झटके आले, रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडली, यकृताला तीव्र इजा झाली. ताजं प्लाझ्मा, रक्त गोठण्याशी संबंधित प्रथिनं असं बरंच काही द्यावं लागलं. मूल वाचलं, पण लेखाच्या शीर्षकातच 'जवळजवळ प्राणघातक' असा शब्द आहे. पुढे २००५ साली १५ महिन्यांच्या मुलाची केस आली: १० मिली लवंग तेल, आणि यकृत निकामी होण्यापर्यंत मजल. त्याला एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध दिलं आणि तो बरा झाला.

औषधाचं ते नाव डॉक्टर वाचकांना ओळखीचं असेल. पॅरासिटामॉल जास्त झालं की तेच देतात. कारण दोन्हीकडे गोष्ट एकच घडते. मघाशी म्हटलं की यकृत युजेनॉलला ग्लुकुरॉनिक ॲसिड किंवा सल्फेट चिकटवून रवाना करतं. पण एकदम ग्रॅमच्या हिशोबात युजेनॉल आलं की ही खिडकी तुंबते. मग उरलेलं युजेनॉल दुसऱ्या वाटेने जातं आणि त्यातून क्विनोन मेथाइड नावाचा अतिशय खुनशी रेणू तयार होतो. तो समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतो. यकृताकडे त्याला पकडायला ग्लुटाथायोन असतं, पण त्याचा साठा ठरावीक. साठा संपला की पेशी मरायला लागतात. एन-ॲसिटिलसिस्टीन ग्लुटाथायोन परत बनवायला कच्चा माल पुरवतं. म्हणून ते लवकर दिलं तर उपयोग होतो.

आपल्या बाटलीला हा हिशोब लावून बघा. मावशीचा नातू पावणेदोन वर्षांचा, वजन १२ किलो. त्याची रोजची स्वीकार्य मात्रा ३० मिलिग्रॅम, म्हणजे एक पूर्ण थेंबही नाही. त्याने अर्धी बाटली, ५ मिली, तोंडाला लावली तर ४.२ ग्रॅम युजेनॉल पोटात. किलोमागे ३५० मिलिग्रॅम. स्वीकार्य मात्रेच्या १४० पट. आता इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी: स्वीकार्य मात्रा ही विषारी मात्रेची रेघ नव्हे. ती आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल अशी, मुद्दाम खूप खाली आखलेली रेघ असते. तिच्या दुप्पट झालं की माणूस आजारी पडतो असं अजिबात नाही. पण १४० पट ही त्या दोन मुलांच्या केसेसच्या अंगणात येणारी मात्रा आहे, आणि ती एका चहाच्या चमच्यात मावते.

ही बाटली मावशीकडे कुठे होती? ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी. का, तर ती 'खायची' आहे. टर्पेंटाइनची बाटली तिने कधीच ओट्यावर ठेवली नसती. फिनाइल ती वरच्या कप्प्यात, दार लावून ठेवते. लेबलने बाटलीचा कप्पा बदलला, आणि या सगळ्या प्रकरणात मला लेबलवर सर्वात जास्त राग याच गोष्टीचा आहे. शिवाय बाटलीला औषधांच्या काही बाटल्यांना असतं तसं दाबून फिरवायचं झाकण नव्हतं. लेबलवर "मुलांपासून दूर ठेवा" होतं, घडीच्या मागच्या बाजूला, इतक्या बारीक अक्षरात की मला फोटो मोठा करून वाचावं लागलं.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. लवंगेनंतर सर्वात जास्त प्रश्न मला तुळशीच्या थेंबांबद्दल येतात. तुळशीच्या जातीनुसार आणि कुठे वाढली त्यानुसार तिच्या तेलाची घडण खूप बदलते. काहींत युजेनॉल जास्त, काहींत मिथाइल युजेनॉल, आणि सब्जाच्या जातीतल्या काही तेलांत एस्ट्रॅगॉल. युजेनॉल आणि मिथाइल युजेनॉल यांत फरक फक्त एका कार्बनचा, पण तो कार्बन बसतो नेमका त्या मोकळ्या ओएचवर. म्हणजे यकृताची जी सोपी खिडकी होती तीच बंद. रेणू मग वेगळ्या वाटेने जातो आणि त्या वाटेवर डीएनएला चिकटणारे पदार्थ तयार होतात. २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिथाइल युजेनॉलला 'बहुधा कर्करोगजनक' या गटात टाकलं. आपल्या एफएसएसएआयच्या नियमांत जे सुगंधी घटक अन्नात वापरायला मनाई आहे त्यांच्या यादीत मिथाइल युजेनॉल (तिथे ते 'युजेनिल मिथाइल ईथर' या नावाने आहे) आणि एस्ट्रॅगॉल दोन्ही आहेत. तुळशीचं पान चहात टाकणं ही वेगळी गोष्ट, तिथे मात्रा अगदी नगण्य असते. पण तुमच्या बाटलीतलं तेल कुठल्या घडणीचं आहे हे लेबलवरून कळतं का? मी जेवढी लेबलं पाहिली त्यांतल्या एकावरही घटकांची टक्केवारी नव्हती. विक्रेत्याकडे त्या बॅचचा जीसी रिपोर्ट मागा. काही जण देतात.

उलट बाजूचाही एक समाचार घेते, नाहीतर एकतर्फी होईल. थर्माकोलच्या कपात लिंबाचं तेल ओतून कप विरघळताना दाखवणारा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, "तुमच्या पोटाचंही असंच होतं." नाही होत. लिंबाच्या तेलातलं लिमोनीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं, कारण दोघांची रासायनिक जात जुळते. तुमचं जठर पॉलिस्टायरीनचं नाही. त्या व्हिडिओवरून एवढंच शिका की असली तेलं प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवू नयेत. चुकीच्या कारणाने घाबरवलं की माणूस एकदा थेंब घेऊन बघतो, काही होत नाही, आणि मग खरी सूचनाही त्याला खोटी वाटते. मावशीचं नेमकं तसंच झालं होतं. तिने तो व्हिडिओ पाहिला होता आणि हसून सोडून दिला होता.

घरात लहान मुलाने तेल प्यायलंच तर काय, हे लिहिल्याशिवाय पोस्ट संपवता येणार नाही. उलटी काढायला लावू नका. ही तेलं पातळ आणि लगेच उडणारी. उलटीच्या वेळी थोडंसं श्वासनलिकेत गेलं तरी फुप्फुसाला रासायनिक सूज येते, आणि मूल गुंगीत असेल तर ही शक्यता आणखी वाढते. मीठपाणी, तूप, दूध पाजत बसू नका. बाटली सोबत घ्या, कितपत रिकामी झाली ते बघा, आणि लहान मुलांचा विभाग असलेल्या हॉस्पिटलमध्ये निघा. मूल खेळतंय म्हणून "बघू तासाभराने" असं करू नका. गुंगी आणि झटके लवकर येऊ शकतात, पण यकृताची इजा रक्ततपासणीत दिसायला वेळ लागतो, कधी दुसरा दिवस उजाडतो. डॉक्टरांना "आयुर्वेदिक तेल" किंवा "खायचं तेल" असं सांगू नका. "लवंग तेल, युजेनॉल, अंदाजे इतके मिली" असं सांगा. खायचं तेल म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात शेंगदाण्याचं तेल येतं. त्यांना शंका असेल तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं, डॉक्टर तिथे विचारू शकतात.

मावशीला मी शेवटी हे सगळं लिहिलं नाही, फोन केला. तिचं पहिलं वाक्य होतं, "म्हणजे त्यांनी फसवलं म्हण की." मी म्हटलं, नाही गं, तेच तर अवघड आहे. तेल शुद्ध आहे, लवंगेचंच आहे, परवाना खरा आहे. एकही शब्द खोटा नाही. फक्त तू विचारलंस "किती आणि कसं", आणि त्यांनी उत्तर दिलं "काय आणि कुणाचं".

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग आता या बाटलीचं काय करू? साडेतीनशे रुपये दिलेत." मी म्हटलं दातासाठी ठेव, कापसाच्या टोकाला अर्धा थेंब, खोबरेल तेलात कालवून, दुखऱ्या दातापुरतं; आणि दोन दिवसांत थांबलं नाही तर दंतवैद्याकडे जा. आणि ओट्यावरून उचल, आत्ताच्या आत्ता, मी फोन चालू ठेवते.

पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार. "फिनाइलशेजारी ठेवलीय," ती म्हणाली. "आणि सकाळच्या पाण्यात काय घेऊ मग?" दोन लवंगा उकळ, असं मी सांगितलं.

"ते तर मी आधी करतच होते," मावशी म्हणाली.